काच कोरडी

मालनआजींनी हातातला आरसा रश्मीच्या टेबलावर असा आपटला की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. दाढी करायचा गोल आरसा होता तो, पत्र्याच्या कडेचा.

"बघा एकदा! धरा हिच्या नाकाखाली आणि बघा," आजी म्हणाल्या. "तीन आठवडे तेच करतोय आम्ही. काच कोरडी ठणठणीत. मग शुक्रवारी कापता कशाला पोरीला?"

मंगळवारची सकाळ. अंधेरीच्या त्या हॉस्पिटलात वाचा-उपचारांच्या खोलीबाहेर आठ पेशंट बसलेले आणि या बाई नंबर तोडून आत घुसलेल्या. रश्मीचं डोकंच फिरलं. नऊ वर्षं हे काम करतेय ती, आणि कुणीही उठावं, तिला शिकवावं! आजींच्या मागे सहा वर्षांची सई पदर धरून उभी होती. टाळू दुभंगलेली जन्मली होती पोर. वर्षाची असताना शिवली. आता दुसरं ऑपरेशन ठरलं होतं, कारण रश्मीच्या रिपोर्टात लिहिलं होतं: स्वर नाकातून, दोष तीव्र.

"आजी, आधी बसा," रश्मी कडक आवाजात म्हणाली. "टाळूचा मागचा मऊ भाग असतो ना, तो बोलताना वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. हिचा तो आखूड पडतो, म्हणून वाट उघडी राहते. हवा नाकातून जाते. घरचा आरसा बघून हे ठरत नाही."

"आरसा तुम्हीच सांगितलात!"

ते खरं होतं. ऑपरेशन होईपर्यंत घरी करायला म्हणून रश्मीनेच कागदावर लिहून दिलं होतं. नाकाखाली आरसा धरा, बोलायला लावा, वाफ दिसली की थांबवा, पुन्हा म्हणायला लावा. आणि खाली अधोरेखित करून: घरी फक्त शुद्ध मराठी बोला. सईचे आई-बाप दोघंही साकीनाक्याला वर्कशॉपात. दिवसभर पोर आजीपाशी. म्हणजे आरसा आजींनी धरला, थांबवलंही आजींनीच.

"सई, इकडे ये," रश्मी म्हणाली. या बाईला एकदा दाखवून द्यावं आणि घालवून द्यावं, एवढाच हेतू. "म्हण, पोपट पेरू तोडतो."

"पोपट पेरू तोडतो," सई पुटपुटली. आरसा कोरडा.

"काका केक कापा. दादा दार उघड." कोरडा. रश्मीने मुद्दाम लांब 'ई' म्हणायला लावली. टाळू गळकी असली की ई आणि ऊ आधी उघडे पडतात. नाक चिमटीत धरलं, सोडलं, धरलं, सोडलं. आवाज तसूभर बदलला नाही. नाकातून काही जातच नव्हतं, तर नाक दाबून बदलणार काय?

रश्मीने आरसा आजींच्या हातात परत दिला. टाळू जर खरंच आखूड असती, तर तीन आठवडे काय, तीन वर्षं आरसा धरला असता तरी काच कोरडी झाली नसती. जे पोहोचतच नाही, ते सरावाने पोहोचत नाही. या पोरीने बंद करायचं ठरवलं आणि बंद केलं. म्हणजे बंद होतंय!

"पहिल्या दिवशी सई ही वाक्यं म्हणालीच नव्हती," रश्मी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"लाजली होती. तुम्ही म्हणालात, असू दे, घरचं काहीतरी सांग."

घरचं काहीतरी. रश्मीने त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. सईचा आवाज, घरच्या कोकणीत, न थांबता, आनंदात: बोको खाता, तो दूध पिता, हांव खातां, हांव येतां... मशीनने तेव्हा नाकाच्या हवेचा आकडा नेहमीच्या दुप्पट दाखवला होता, आणि रश्मीने डोळे मिटून सही ठोकली होती.

आता तिने कान देऊन ऐकलं. बोको खाता. बोका खातो. सगळं तोंडातून, स्वच्छ. हांव खातां. मी खाते. शेवटचा आ नाकातून. खाता म्हणजे तो खातो. खातां म्हणजे मी खाते. कोकणीत 'तो' आणि 'मी' यांच्यात अंतर काय, तर एवढंच, शेवटच्या आ-ला टाळू खाली सोडायची आणि थोडी हवा नाकाने जाऊ द्यायची. पोर जिथे सोडायची तिथे सोडत होती, जिथे अडवायची तिथे अडवत होती. सहा वर्षांच्या पोरीची टाळू घड्याळासारखी चालत होती, आणि रश्मीने त्याला दोष म्हटलं होतं.

आणि हे कुणाला कळलं नाही? गोव्यातल्या पेडण्याच्या घरातल्या रश्मीला! जिची आजी मरेपर्यंत हांव येतां, हांव वतां, मी येते, मी जाते, म्हणत होती, त्या रश्मीला. मुलुंडच्या शाळेत पोरं नाक दाबून तिची नक्कल करायची, म्हणून आईने घरात फर्मान काढलं होतं, आजपासून नाकात बोलायचं नाही. रश्मीने ते इतकं मनावर घेतलं की कोकणी समजते हे ती नवऱ्यालाही सांगत नव्हती. कपाळ माझं, ती मनात म्हणाली. आईने मला जे केलं, तेच मी कागदावर लिहून, अधोरेखित करून, दुसऱ्याच्या घरी पाठवलं. तिला स्वतःचाच संताप आला.

"चला," ती उठली. "डॉक्टरांकडे."

सर्जन चंद्रप्रकाश ओपीडीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर टाकलं.

"रश्मी, रिपोर्ट कुणाचा आहे?"

"माझा."

"सही?"

"माझीच. चुकीचा आहे. नमुनाच चुकीचा घेतला. ज्यात नाकातले स्वर नकोत अशी वाक्यं म्हणवून घ्यायला हवी होती. मी तिच्या बोलीतली बडबड घेतली, आणि त्या बोलीत नाकातले स्वर असतातच. असायलाच हवेत."

"तुझ्या भरवशावर मी लिस्ट लावली! घशाच्या मागची पट्टी उचलून टाळूला शिवणार होतो मी. घोरणं लागतं, झोपेत श्वास अडतो पोरांचा. हे काय टाका घालण्याइतकं सोपं वाटलं तुला?" डॉक्टरांचा आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला. "वाट लावली असतीस पोरीची!"

"तुम्हीही एकदा आरसा धरला असतात ना," रश्मी तडकून म्हणाली. "नाकातून दुर्बीण घालून बघायचं होतं, पोर रडली म्हणून सोडून दिलंत. माझी चूक मोठी, मान्य. पण एकटीची नाही."

क्षणभर वाटलं, हे आता तिला हाकलून देतात. पण त्यांनी आजींच्या हातातला आरसा मागून घेतला, कोटाला पुसला आणि स्वतः सईसमोर उकिडवे बसले. पोपट, काका, दादा, सगळी वाक्यं झाली. शब्द संपला की आरसा झटकन काढत होते, नाहीतर नुसत्या श्वासाचीही वाफ धरते. काच कोरडी.

"बंद होतंय," ते शेवटी म्हणाले. "शुक्रवार रद्द. पुढच्या आठवड्यात दुर्बीण घालून खात्री करू. पण मला नाही वाटत काही निघेल."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. रश्मीला मात्र अजून एक दाखवायचं होतं. नुसतं बंद होतं असं नाही, पोर हवी तेव्हा वाट उघडते, हेही या माणसाने बघावं. तिने बिस्किटाचा पुडा फोडून एक सईच्या हातात दिलं. "सई, तूं कितें करता?" वीस वर्षांनी तोंडातून कोकणी निघाली. तू काय करतेस? आजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

सईने बिस्किटाचा तुकडा मोडला. "खाता," ती म्हणाली.

आरसा कोरडा.

"छान!" डॉक्टर म्हणाले. "इथेही नाही."

"छान?" आजी किंचाळल्याच. "अहो, काय छान? ती स्वतःला 'तो' म्हणतेय! खाता, येता, निजता. आठ दिवस झाले, घरात ही असंच बोलते. तो खातो, तो येतो, तो झोपतो. अरे, तू कुठे गेलीस बाय, म्हणून विचारते मी रोज. आणि करायला कुणी लावलं? मीच. नाक दाबलं तिचं मी, ह्या ह्या हातांनी. म्हातारीची मती गेली आणि कागदाला भुलली!"

डॉक्टरांना काही उमजेना. ते एकदा आजींकडे, एकदा रश्मीकडे बघत राहिले. रश्मीला मात्र सगळं उमजलं होतं, आणि तिला वाटलं, यापेक्षा आजींनी थोबाडीत दिली असती तर बरं.

ती जमिनीवर सईच्या पुढ्यात बसली. "ऐक. बोको खाता. आणि हांव?" तिने एक बिस्किट स्वतःच्या तोंडात घातलं. "हांव खातां." नाकात घुमवून, आजी म्हणायची तसं. "म्हण. आता म्हटलं तरी चालतं. मी सांगते ना."

सईने आजीकडे पाहिलं. आजी पदराने डोळे पुसत होत्या, त्यांनी मान हलवली, म्हण म्हण. पोरीने ओठ घट्ट मिटले.

"हांव खातां," रश्मी पुन्हा म्हणाली. "हांव येतां. फाल्यां तुमगेर येतां, तुज्याकडेन उलोवपाक." उद्या तुमच्या घरी येते, तुझ्याशी बोलायला.

"आणि इतके दीस हें तोंडांत कुठे लपवलेलंस?" आजी तिच्यावर उखडल्या. "त्या दिवशी समोर पोर बोलत होती, तेव्हा दातखीळ बसली होती?"

रश्मी परत सईकडे वळली. "हांव खातां."

सईने डॉक्टरांच्या हातातला आरसा घेतला. दोन्ही हातांनी, जपून, तो रश्मीच्या नाकाखाली धरला आणि वाट बघत राहिली.

"हांव खातां," रश्मी म्हणाली.

काचेवर वाफ उमटली. सईने वाकून बघितली, बोटाने पुसली आणि अगदी समजावणीच्या सुरात, शुद्ध मराठीत म्हणाली, "टीचर, चुकलं. परत म्हणा."