दहा दिवस

अनुपम दवाखान्यात आला तो बुधवार होता. रविवारी सर्दी सुरू झाली, म्हणजे चौथा दिवस. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत होता. उजवा गाल ठणकत होता, खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटत होतं. ताप मात्र शंभराच्या आतच होता.

"वहिनी, एखादी तगडी अँटिबायोटिक द्या. शनिवारी इन्स्पेक्शन आहे फॅक्टरीत, अन् मी असा नाक शिंकरून राहिलो."

वसुधा गढा भागातल्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं डॉक्टर म्हणून बसत होती. धाकटा दीर असला तरी तिने त्याला रांगेतल्या इतर पेशंटसारखंच तपासलं. डोळ्यांभोवती सूज नव्हती, मान मोकळी होती, नजर साफ होती.

"भाऊजी, सायनसचं आहे. पण हे बहुतेक व्हायरसचं असतं, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. उगाच जुलाब होतील, पुरळ येईल. अन् खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही."

"रंग बघा ना पण. हिरवागार आहे."

"रंगावरून काही कळत नाही. पॅरासिटामॉल घ्या. पाणी उकळून, कोमट करून, त्यात मीठ घालून नाक धुवा, अन् हा नाकातला स्प्रे मारा. दहा दिवस थांबा. दहा दिवसांनीही उतार नसेल तर मग आपण गोळी सुरू करू."

"घरची डॉक्टर असून गोळी मिळत नाही," असं हसतहसत म्हणत अनुपम उठला. बाहेर तीस लोक बसले होते. आतून पुढचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा वसुधा त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मध्येच बरं वाटून पुन्हा बिघडलं, नाहीतर डोळा सुजला, तर दहा दिवस वाट पाहू नका हो. लगेच या."

त्याने हात हलवला. तिला वाटलं, ऐकलं.

शुक्रवारी त्याला खरंच बरं वाटलं. शनिवारी इन्स्पेक्शन पार पडलं, आणि संध्याकाळी महाराजपूरच्या घरी पोहोचेपर्यंत त्याला हुडहुडी भरली. ताप एकशे दोनवर गेला. गालाचं दुखणं दुपटीने परतलं आणि आता नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात घुसलं. त्याची बायको रश्मी म्हणाली, "ताईंना फोन लावते."

"काहून त्रास देतेस? दहा दिवस सांगितलेत त्यांनी. आज सातवा आहे. मंगळवारी जातो."

रश्मीला राहवलं नाही. रविवारी सकाळी ती कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरवर गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "भैया, साइनस के लिए कुछ दे दो, बुखार भी है." त्याने अझिथ्रोमायसिनचं तीन गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. रोज एक. घरात अँटिबायोटिक आली म्हणून रश्मीच्या जिवाला जरा थारा मिळाला. अनुपमनेही ती मुकाट्याने घेतली. वहिनींना सांगायचं मात्र दोघांनी टाळलं. वहिनी रागावतील, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी सकाळी तिसरी गोळी घेताना त्याला एका कपाचे दोन कप दिसले.

रश्मी त्याला रिक्षात घालून थेट दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा त्याची उजवी पापणी लाल होऊन टम्म फुगली होती. वसुधाने बोटांनी ती उघडली. डोळ्याचा गोळा पुढे आलेला होता आणि डोळा बाहेरच्या बाजूला फिरतच नव्हता. तिने पेनचं लाल टोपण धरलं.

"रंग कोणता?"

"डाव्याने लाल. उजव्याने... मातकट. वहिनी, काहून असं?"

नाकाच्या मुळाशी, डोळ्याला लागून असलेल्या सायनसमधला पू आता डोळ्याच्या खोबणीत शिरला होता. हे तिला स्कॅनशिवायच कळलं होतं. बाहेरचे पेशंट तसेच टाकून ती त्याच्यासोबत मोठ्या इस्पितळात गेली. तिथे विचारल्यावर अनुपमने अझिथ्रोच्या तीन गोळ्या घेतल्याचं सांगितलं. शिरेतून औषधं सुरू झाली. स्कॅनमध्ये गळू दिसलं. दुपारीच शस्त्रक्रिया झाली. पू निघाला, जीव वाचला, मेंदूपर्यंत काही गेलं नाही. पण आतल्या दाबाने डोळ्याची नस गेली होती. उजव्या डोळ्याने अनुपमला पुढे फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळणार होतं.

शस्त्रक्रिया करणारी चिन्मयी वसुधाहून वीस वर्षांनी लहान होती. तिने वसुधाला बाजूला घेतलं. "मॅडम, चौथ्या दिवशी मीही दिलं नसतं. सुरुवातीला दिल्याने असं गळू टळतंच, असं दिसलेलं नाही. पण सातव्या दिवशी, पुन्हा बिघडल्यावर, द्यायलाच हवं होतं."

"अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट," वसुधा म्हणाली. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असती तर डॉक्सिसायक्लिन. अझिथ्रो नाही. हे जंतू आता त्याला भीकच घालत नाहीत."

"तीच तर मिळते सगळीकडे," चिन्मयी म्हणाली.

बाकावर बसलेल्या रश्मीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. ती सरळ उभी राहिली. "ताई, पहिल्याच दिवशी एक गोळी दिली असती तर? एकच मागितली होती ना त्यांनी. परक्याला पण देतात लोक." वसुधाचा नवरा अंबरीश मध्ये पडायला गेला, तशी ती त्याच्यावरही उखडली. "तुमचा भाऊ आहे तो, दादा!" मग तिथेच भिंतीला टेकून ती रडू लागली. दुकानातून पाकीट तिनेच आणलं होतं. ते ती बोलली नाही, आणि वसुधानेही विचारलं नाही.

त्यानंतर दोन घरांतलं येणंजाणं थांबलं. अनुपम फॅक्टरीत मोजमापाची गेज तपासायचा, केसाएवढा फरक डोळ्यांनी पकडायचा. त्याला स्टोअरच्या रजिस्टरवर बसवलं. पायऱ्या उतरताना तो कठड्याला धरून उतरू लागला.

चार महिन्यांनी एका दुपारी तो एकटाच दवाखान्यात आला. पेशंट संपले होते. काळा चष्मा न काढता त्याने विचारलं, "वहिनी, खरं सांगा. चौथ्या दिवशी गोळी दिली असती तर वाचला असता डोळा?"

"बहुतेक नाही. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही."

"अन् शनिवारी आलो असतो तर?"

"कदाचित वाचला असता."

"तुम्ही तसं सांगितलं होतं का मला? मला तर दहा दिवसच आठवतात."

हो म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण दहा दिवस मी खुर्चीवर बसून, तुमच्याकडे पाहून सांगितले. लगेच या, हे मात्र उभ्याउभ्या, दारात, मागे पुढचा पेशंट असताना. तुम्ही ऐकलं की नाही ते पाहिलंच नाही. ते आधी सांगायला हवं होतं, भाऊजी. लिहून द्यायला हवं होतं."

अनुपम जायला उठला. मग म्हणाला, "मी पण फोन करू शकलो असतो." त्यात क्षमा होती की नव्हती, हे तिला कळलं नाही. चहा न घेताच तो गेला.

आता ती सर्दीच्या पेशंटला थांबा म्हणताना कधी परत यायचं ते त्याच्याकडून वदवून घेते. वेळ लागतो. बाहेर कुरकुर होते, काही जण उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तिथे त्यांना पहिल्याच दिवशी गोळ्या मिळतात. त्यांतले जवळजवळ सगळे बरे होतात, कारण ते तसेही बरे होणारच असतात. त्याचं श्रेय मात्र गोळीला मिळतं.

रश्मी अजून तिच्याशी बोलत नाही.