आकृती चौथी

पत्र लिहायला नीलकंठला तीन दिवस लागले, आणि त्यातले अडीच दिवस एकाच वाक्यावर गेले. बाकीचे पत्र कोणीही लिहिले असते.

'ती. गुरुवर्य सबनीससाहेब यांचे सेवेशी, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील सहा आकृत्या ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून सोबत पाठवीत आहे. आकृती पहिलीत उत्तर दिशेचा बाण व प्रमाणपट्टी घातली आहे. छेदांमध्ये काळी माती, मुरूम व काळा पाषाण यांच्या खुणा सर्वत्र एकच ठेवल्या आहेत. उभे प्रमाण आडव्याच्या दसपट घेतले असून तसे आकृतीखाली नमूद केले आहे. आकृत्या व मजकूर यांचा मेळ बसतो की नाही, हे आपल्या नजरेखालून जावे, ही विनंती.'

इथपर्यंत गाडी सुरळीत आली. पुढे आकृती चौथी आली आणि चाक रुतले.

ही आकृती म्हणजे धार ते तिरला या वाटेवरच्या अकरा विहिरींचा छेद. कुठल्या विहिरीला जमिनीपासून किती फुटांवर पाणी लागते, ते ठिपक्यांनी दाखवायचे आणि ठिपके रेघेने जोडायचे. अकरा वर्षांपूर्वी सबनीससाहेबांनी स्वतः घोड्यावर हिंडून हाच छेद काढला होता. तो छापून आला आणि त्यावरच पुण्याच्या कॉलेजात साहेबांचे नाव झाले. त्यात पाण्याची रेघ तिरल्यापाशी एकदम खाली जाते. शेवटच्या चार विहिरींना एक्केचाळीस, बेचाळीस फुटांवर पाणी.

नीलकंठने यंदाच्या वैशाखात पोलादी फीत सोडून त्याच विहिरी मोजल्या. पहिल्या सातांचा आकडा साहेबांच्या आकड्याशी जुळला. शेवटच्या चारांना पाणी अठ्ठावीस, एकोणतीस फुटांवरच होते. चारीकडे फरक तेवढाच, तेरा फूट. वर्षाच्या पावसाने पाणी वरखाली होते, पण ते असे मापून तेरा फूट होत नाही, आणि शेजारच्या सात विहिरींना सोडून तर होतच नाही.

कोडे सोडवले भवानीबाईंनी. चारांतली एक विहीर त्यांची. नवरा गेल्यापासून शेत त्याच बघायच्या. त्या म्हणाल्या, "भिया, तुमचे साहेब मला याद आहेत. बुखार चढला होता त्यांना. इथं नीमखाली पडून राहिले आणि विचारलं, बाई, पाणी किती खोल? मी म्हटलं, आमचा नाडा एक्केचाळीस फुटांचा."

नाडा म्हणजे मोटेचा दोर. तो मोटेपासून थेट बैलांच्या जुवापर्यंत असतो. चाक जमिनीपासून चार फूट वर, आणि चाकापासून जुवापर्यंत नऊ फूट. मोट पाण्याला टेकली म्हणजे विहिरीच्या बाहेर तेरा फूट दोर उरतोच. तापाने फणफणलेल्या साहेबांनी चारी विहिरींचे नाडे असेच विचारून घेतले आणि सगळा नाडा विहिरीत धरला. शेतकऱ्याच्या पोराने ही चूक केली नसती, आणि बरा असता तर साहेबांनीही केली नसती.

भवानीबाईंना नाड्याचे काही नव्हते. त्यांना विहिरीचे होते. तिरल्याच्या खालच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर नाही. धारचा दरबार यंदा तीन गावांना विहिरी देणार अशी बोलवा होती. "तुम्ही लिहून द्या ना भिया, की पाणी ऊपरच आहे," त्या म्हणाल्या. नीलकंठने मान हलवली. मान हलवायला काय लागते?

देवासला घरी आल्यावर त्याने हे वडिलांना सांगितले. तात्या देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या दप्तरखान्यात तीस वर्षे काढलेले, आणि नीलकंठची शिष्यवृत्ती त्यांच्याच शब्दावर मिळालेली. ते सुपारी कातरत म्हणाले, "प्रबंध तुझं स्वतःचं काम आहे या दाखल्यावर सही कोणाची लागते?"

"साहेबांची."

"आणि शिष्यवृत्ती कधी संपते?"

"आषाढात."

"मग तू गुरूला तेरा फूट शिकवणार, आणि तो सही करणार. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, अन् तू अडलेला असून लाथ मारतोस."

तात्यांचे बोलणे नीलकंठला पटले नाही. पण ते डोक्यातून गेलेही नाही. 'तिरल्याचे आकडे आपल्या आकड्यांशी जुळत नाहीत' असे वाक्य त्याने लिहिले आणि खोडले. 'आपल्या प्रकृतीच्या कारणाने' असे लिहिले आणि कागदच फाडला. साहेब रागीट होते अशातला भाग नाही. ते कधीच रागावत नसत, नुसते गप्प बसत. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत ते असे गप्प बसले, दाखल्यावर सही झालीच नाही, आणि तो आता उज्जैनला नातेवाइकाच्या दुकानात होता. त्याचा चेहरा नीलकंठला रोज आठवे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवे कापड ताणले, चिनी शाई घोटली, आणि शेवटचे चार ठिपके तेरा तेरा फूट खाली घेतले. हात चांगला होता. रेघ अशी सफाईने उतरली की स्वतःलाच क्षणभर खरी वाटली. खऱ्या मापांची वही त्याने ट्रंकेत तळाशी टाकली. पत्रात लिहिले, 'आकृती चौथी आपल्या पूर्वीच्या छेदाशी जुळते.' अडीच दिवस अडलेले वाक्य एका दमात झाले, आणि त्याची त्याला अतोनात शरम वाटली. तरी पाकीट टपालात पडलेच.

सतरा दिवसांनी उत्तर आले. तात्या दाराशीच उभे होते. नीलकंठने पाकीट फोडले. आधी दाखला बाहेर आला, सहीसकट. मग आकृत्या. साहेबांनी एकेक बारकाईने पाहिली होती. दुसरीत अक्षरे लहान आहेत, छपाईत मरतील. पाचवीत मुरमाची खूण खुणांच्या यादीत राहिली. सहावीचा उल्लेख मजकुरात पाचवीच्या आधी येतो, क्रमांक बदला. सगळे लाल पेन्सिलीने, नीटस. चौथीवर एकही खूण नव्हती.

पत्र शेवटी निघाले.

'चि. नीलकंठ यास अनेक आशीर्वाद. आकृत्या सुबक आहेत, दुरुस्त्या कराव्या. आता चौथीविषयी. जे आजवर कोणास बोललो नाही ते तुम्हांस लिहितो. तिरल्याच्या चार विहिरी मी मोजल्याच नव्हत्या. ताप होता, विचारून आकडे घेतले आणि छापले. अकरा वर्षे ती रेघ माझ्या मनाला टोचते. स्वतः येण्याची ताकद राहिली नाही, म्हणून तुम्हांस धारचा मुलूख दिला. मुद्दाम काही सांगितले नाही, की तुमचा हात माझ्या भयाने हलू नये. तुमचे माप माझ्याशी जुळले, माझ्या जिवावरचे ओझे उतरले.

'धारचे इंजिनिअर विहिरींच्या यादीबद्दल दोनदा विचारून चुकले. तुमच्या मापाखेरीज मत देणार नाही असे त्यांस कळविले होते. आजच्याच टपालाने लिहिले आहे की तिरल्यास पाणी फार खोल, खर्च वाया जाईल, ते नाव वगळावे. तुमच्यासारखा प्रामाणिक विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.'

नीलकंठने पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा अक्षरे दिसेनात. खरे लिहावे तर हातातला दाखला जातो, आणि त्या म्हाताऱ्या माणसाचे नुकते उतरलेले ओझे दुप्पट होऊन परत बसते. न लिहावे तर खालच्या वस्तीची विहीर जाते. ज्या नाराजीच्या भयाने त्याने ठिपके खाली घेतले, ती साहेबांच्या मनात कधी नव्हतीच. भय त्याचे स्वतःचे होते, आणि आता त्याला कोणी विचारणारही नव्हते.

"काय म्हणतात साहेब?" तात्यांनी दाखला उजेडात धरत विचारले. "आकृत्या ठीक आहेत ना?"

"हो," नीलकंठ म्हणाला. "चौथी तर सगळ्यांत बरोबर आहे म्हणतात."