झिजलेला स्लायडर

ह्यांचा उजवा हात लुळा पडल्यावर परगावच्या मुलाने त्यांच्या फोनला जाड कव्हर पाठवलं. डाव्या हातात फोन धरला की आवाज चालू-बंद करायच्या स्लायडरपर्यंत बोट पोहोचेना, कव्हरची खाच फार खोल. ह्यांनी कव्हर पायाखाली दाबून तिथली कड सुरीने तासली. चांगल्या वस्तूची वाट लावली म्हणून मी दिवसभर धुसफुसले.

ते गेल्यावर मुलगा आला. ह्यांचा फोन घेऊन आम्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तिथे तो म्हणाला, "स्लायडर बिघडलेला असणार. म्हणूनच फोन वाजत नसेल."

दुकानदाराने तो वरखाली सरकवला. "ठणठणीत आहे. नुसत्या वरच्या रेघा झिजल्यात. फोन चुकून सायलेंटवर तर गेला नाही ना, हे वापरणारे सारखं चाचपत असणार."



"तू फोन केला असतास," मी मुलाला म्हटलं, "तर वाजला असता."