अकरा टक्क्यांची लाट

पोटनिवडणुकीचा निकाल दुपारीच लागला, आणि चहाच्या वेळेच्या आत संपादकांना लाट दिसली.

"सत्ताधारी गेले," ते टक्केताईच्या टेबलाशी येऊन म्हणाले. "अकरा टक्क्यांचा स्विंग! हाच राज्यभर लाव आणि किती जागा पडतात ते सांग. पहिलं पान मोकळं ठेवलंय."

टक्केताई वर्तमानपत्रात निवडणुकांचे आकडे बघायची. हे नाव तिला कचेरीनेच दिलं होतं आणि घरीही ते चिकटलं होतं. तिने खुर्ची वळवली.

"स्विंग अकराच आहे, त्यात वाद नाही. विरोधकांचे छत्तीस टक्के होते, एक्कावन्न झाले, म्हणजे पंधरा वाढले. सत्ताधाऱ्यांचे अठ्ठेचाळीसवरून एक्केचाळीस, म्हणजे सात घटले. पंधरा आणि सातची सरासरी अकरा. पण लाट म्हणाल तर..."

"पण आलाच का तुझा!"

"साहेब, मागच्या वेळी अडुसष्ट टक्के लोकांनी मतदान केलं होतं, या वेळी एक्केचाळीस टक्क्यांनी. विरोधक हरले तेव्हा त्यांना एकोणपन्नास हजार मतं होती. आज जिंकलेत ते बेचाळीस हजारांहूनही थोड्या कमी मतांवर. सात हजार मतं गमावून जिंकलेत. ही लाट असेल तर ओहोटी कशी असते?"

संपादक घुटमळले. तिने पुढचं सांगून टाकलं. ज्यांच्या निधनामुळे ही पोटनिवडणूक लागली, ते सत्ताधारी पक्षाचे आमदार लहान मुलांचे डॉक्टर होते. अर्ध्या गावाला त्यांनी इंजेक्शनं दिली होती. ती मतं पक्षाची किती आणि डॉक्टरांची किती, हे कोण सांगणार? शिवाय मागे दहा टक्के मतं घेणाऱ्या तिसऱ्या पक्षाने या वेळी उमेदवारच दिला नव्हता.

"म्हणजे लोक नाराज नाहीत?"

"असंही म्हणत नाही मी. असतीलही. या एका जागेवरून कळत नाही, एवढंच. अजून तीन-चार ठिकाणी असंच झालं, तर बोलू."

"'कळत नाही' असा मथळा छापला, तर पेपर रद्दीवाला तरी घेईल का?"

त्यांनी दुसऱ्या मुलाला गणित करायला बसवलं. अकरा इकडून गेले आणि अकरा तिकडे वाढले म्हणजे बावीस; तेव्हा सत्ताधारी जिथे जिथे बावीस टक्क्यांपेक्षा कमी फरकाने पुढे होते, त्या सगळ्या जागा त्याने इमानेइतबारे पाडल्या. सकाळी पहिल्या पानावर 'सत्तेला सुरुंग' आला. टक्केताईचं लिखाण आत, जुन्या फर्निचरच्या जाहिरातीखाली आलं. त्याचं शीर्षक मात्र तिचंच होतं: 'एका जागेवरून राज्याचा कौल काढू नये'.

ते लिखाण कोणी वाचणार नाही अशी तिची समजूत होती. संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याने टीव्हीवर तेच पान फडकवलं. "बघा! तज्ज्ञच म्हणतात, जनता आमच्याच पाठीशी आहे."

"असं कुठे लिहिलंय मी?" टक्केताई टीव्हीला म्हणाली.

"अगं, तज्ज्ञ म्हणाले तुला!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं.

खरा प्रश्न पुढे आला. तिचा धाकटा दीर सत्ताधाऱ्यांचा नगरसेवक होता आणि चार महिन्यांवर नगरपालिकेची निवडणूक होती. रविवारी तो पहिलं पान घडी घालून खिशातून घेऊन आला.

"वहिनी, मी पक्ष बदलतोय."

"का हो भाऊजी?"

"हे काय, तुमच्याच पेपरात आलंय. आमच्या वॉर्डात मी गेल्या वेळी तीनशे मतांनी आलो. अकरा टक्के फिरले तर माझं डिपॉझिट तरी राहील का?"

"ती जागा तिकडची, हा वॉर्ड इथला. तिथे डॉक्टर गेले, इथे कोण गेलंय? ते मतदारही वेगळे आणि कारणंही."

"म्हणजे मी राहिलो तर निवडून येईन?"

"ते मला माहीत नाही."

"आणि गेलो तर पडेन?"

"तेही माहीत नाही. तुम्हाला जायचं असेल तर तिकडचं धोरण पटतं म्हणून जा. अकरा टक्क्यांसाठी जाऊ नका."

"धोरण!" दीर हसला. एवढा मनापासून तो बऱ्याच दिवसांत हसला नव्हता. "वहिनी, तुमचा पगार नेमका कशाबद्दल मिळतो हो?"

तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

आठवड्याभरात त्याने नवा गमछा गळ्यात घातला. विरोधकांनी त्याचं जंगी स्वागत केलं. त्या वॉर्डात वर्षानुवर्षं चपला झिजवणारा त्यांचाच एक जुना कार्यकर्ता मात्र तेवढ्यापुरता मांडवाबाहेर उभा राहिला. नंतर त्याने अपक्ष म्हणून अर्ज भरला. दिराची स्वतःची पोरं, म्हणजे बूथवर बसणारी, घरोघर चिठ्ठ्या वाटणारी, जुन्या पक्षातच राहिली. "साहेब गेले, पण आमचं काय वाकडं झालंय?" त्यांचं म्हणणं एवढंच.

निकाल लागला तेव्हा दीर नव्वद मतांनी पडला. त्या अपक्षाने चारशे खाल्ली होती.

गंमत अशी की गावभर बेरीज केली तर विरोधकांची मतं खरोखरच तीन टक्क्यांनी वाढली होती. नगरपालिकेत त्यांच्या चार जागाही वाढल्या. वारा त्यांच्याकडे थोडासा होता. दीर तो अंगावर घ्यायला गेला आणि नेमका आडोशाला उभा राहिला.

संपादक आपल्या परीने नव्या उत्साहात होते. "टक्केताई, पहिलं पान! 'पक्ष बदलणाऱ्यांना जनतेचा धडा'. घरातलंच उदाहरण आहे, चार ओळी भावनिक लिही."

"पक्ष बदललेले नऊ जण उभे होते. पाच आले, चार पडले."

"मग पाचांचं सोडून दे."

तिने सोडलं नाही, म्हणून ती बातमीही आतल्या पानावर गेली. या वेळी फर्निचरची जाहिरातही नव्हती. शेजारी हरवलेल्या मांजराचा फोटो होता.

त्या संध्याकाळी दीर घरी आला. गमछा नव्हता, आवाजही खाली आला होता. टक्केताईला वाईट वाटलं. माणूस उथळ असेल, पण रात्री-अपरात्री लोकांच्या नळांसाठी धावलेला होता. तिने पानं घेतली, त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि विषय काढला नाही.

त्यानेच काढला. "वहिनी, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"भाऊजी, मी पडाल असं म्हटलं नव्हतं. तो अपक्ष उभा राहिला नसता, तर कदाचित आला असतात. पक्ष बदलला नसता, तरी कदाचित पडला असतात."

"नाही नाही, तुम्हाला दिसलं होतं सगळं. तुमचा मोठेपणा म्हणून बोलत नाही तुम्ही."

"अहो, मला काही दिसलं नव्हतं!"

"तेच ते," सासूबाई आतून म्हणाल्या. "जाणकार माणूस असंच बोलतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी जिन्यात शेजारणीला सांगितलं. शेजारणीने आपल्या भावाला सांगितलं. भाऊ कुठल्याशा पक्षाचा तालुकाध्यक्ष निघाला. आठवडा संपायच्या आत तीन पक्षांच्या माणसांनी टक्केताईला फोन केले. पुढच्या निवडणुकीत काय होईल ते तिने फक्त त्यांनाच, खाजगीत सांगावं, अशी तिघांची विनंती होती.

तिघांनाही तिने खरं तेच सांगितलं: माहीत नाही.

तिघेही खूश झाले. प्रत्येकाने ते आपल्या बाजूने धरलं.