तळटिपांतली दोन नावं

वाशीला माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. इन्स्टिट्यूट कसलं, घराची पुढची खोली आणि दोन मशिनं. पंच्याऐंशी साली शिरवण्याचा विलास भोईर माझ्याकडे एम.ए.चा प्रबंध टाइप करून घ्यायचा. विषय होता मिठागरात राबणाऱ्या बायका. त्याची आई बयाबाई त्यांच्यातलीच. घरात कॉलेजात गेलेला हा पहिलाच. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि सरांनी आधीच बजावलं होतं की एक जरी उचललेला परिच्छेद सापडला तर वर्ष गेलं समज.

शुक्रवारी त्यानं आणलेल्या कागदांत एका पानावर झेरॉक्सचा तुकडा डिंकानं चिकटवलेला होता. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाई, हा असा फिरवून टाइप करा, की कुठून घेतलाय ते कळता कामा नये.'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तुकड्यातला प्रत्येक 'म' ओळीच्या जरा खाली बसला होता आणि तो माझ्याच मशीनचा होता. तीन वर्षांपूर्वी सरस्वती गायकवाडचा प्रबंध मीच टाइप केला होता. पोरगी उन्हातान्हात मिठागरं पालथी घालून यायची आणि आधी तांब्याभर पाणी प्यायची. मला तिची फार माया होती.

"हा सरस्वतीचा परिच्छेद आहे," मी म्हटलं.

विलासचा चेहरा उतरला. "शब्द बदलले की झालं ना, बाई? 'बायका' आहे तिथं 'स्त्रिया' घालू. वाक्यं थोडी वरखाली करू."

"अरे शहाण्या, दुसऱ्याच्या शर्टाची बटणं बदलली म्हणून शर्ट तुझा होतो का? तिचे शब्द जसेच्या तसे हवेत तर अवतरणचिन्हात घाल. तुझ्या शब्दांत सांग, चालेल. पण दोन्ही वेळेला खाली तिचं नाव आलं पाहिजे."

"सगळीकडे दुसऱ्यांचीच नावं दिली, तर सर विचारतील, यात तुझं काय आहे?"

हे तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की माझा राग कुठल्या कुठे गेला. तीच भीती होती बिचाऱ्याची. चोर नव्हता तो, घाबरला होता.

मी तो कागद उपडा घातला. "आता न बघता सांग, ती काय म्हणते?"

तो आठवत आठवत सांगू लागला. "पावसाळा सरला की मिठागराचं काम सुरू होतं. मीठ तयार झालं की बायका ते टोपल्यांनी वाहतात, ढीग घालतात. बांध घालायचं काम मात्र पुरुषांचं, बायका त्यात नसतात…" आणि तो थांबला. "पण बाई, आई तर बांध घालायची. मी लहानपणी बघितलंय."

"बघ आता. मी फिरवून टाइप केलं असतं, तर तुझ्या आईनं बांध घातलेच नाहीत असं तुझ्याच नावावर गेलं असतं."

विलासनं डोळे पुसले, मी बघितलं नाही असं दाखवलं.

"घरी जा. आईला नीट विचार, ती सांगेल तसं लिहून आण. तारीख घाल."

शनिवारी तो दीड पान घेऊन आला. सरस्वतीचं म्हणणं त्यानं स्वतःच्या वाक्यांत मांडलं होतं. बांधाविषयीचं तिचं एक वाक्य तेवढं अवतरणात होतं. पुढे 'परंतु' लिहून आईचं सांगणं. मी दोन्हीकडे आकडे चढवले, पानाखाली रेघ मारली आणि तळटिपा घातल्या. पहिली सरस्वतीची, प्रबंधाचं नाव, साल, पान. दुसरी, 'बयाबाई भोईर, मुलाखत, शिरवणे' आणि तारीख. ते नाव मारताना मला उगाचच भरून आलं.

महिन्याभरानं मायलेक दारात उभे. विलास पास झाला होता. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलंच, यात तुझं काय? त्यानं दुसऱ्या तळटिपेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे विचारलं ते मी."

बयाबाईंनी सुकटीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. वाचता येत नव्हतं त्यांना, पण ते पान बघायचं होतं. विलासनं नाव दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, मग ते वरच्या ओळीवर नेलं.

"आनि ह्या कोनाचा नाव?"

"सरस्वती गायकवाड," मी म्हटलं. " मिठागरावर यायची ती. तिनं लिहिलं होतं, बायका बांध घालत नाहीत."

"ती पोर? आमच्या घरान पानी पेली व्हती." बयाबाईंनी बोट तिथंच ठेवलं. "बांधाचा तिनं मना इचारलाच नाय, मंग ती तरी काय लिवनार? तिचा नाव ऱ्हाऊ दे हां. उनान लय फिरली बिचारी."