भिंतीवरचं केशर

चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या मसाला कंपनीत एक फोटो आहे. त्याला हार घालून उदबत्ती लावायची तेवढी बाकी आहे. पांढऱ्या कागदावर केशराच्या काड्या, एकेक काडी लालभडक, टोकाशी कर्ण्यासारखी उघडलेली, आणि एकही वाकडी नाही. खरं तर तो आमच्याच डबीवरचा फोटो. खरेदीप्रमुख दत्ताजीरावांनी तो मोठा करून आपल्या खुर्चीमागे लावला आणि जाहीर केलं, "हे आपलं स्टँडर्ड."

तेव्हापासून केशराची खरेदी अशी चालते. व्यापाऱ्यानं जवळून काढलेला फोटो व्हॉट्सॅपवर पाठवायचा. दत्ताजीरावांनी मोबाइल भिंतीपाशी धरायचा, एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायची. जुळलं तर माल घ्यायचा, नाही तर परत. स्थळ बघायला गेल्यासारखं सगळं, फक्त कांदेपोहे नाहीत.

शेजारच्या खोलीत प्रयोगशाळा आहे आणि तिथं मी बसते. मिरची, हळद, धने माझ्याकडे येतात. केशर येतं ते फक्त ओलावा मोजायला. रंगाची चाचणी करायची तर चिमूटभर केशर खर्ची पडतं, आणि एवढं महाग केशर पाण्यात घालायचं म्हटलं की दत्ताजीराव डबीचं झाकण लावून टाकतात. "मॅडम, डोळे कशाला दिलेत देवानं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी मूळची सांगलीची, माझं तोंड काही गोड नाही. पण त्यांच्या घरची मराठी तंजावरची, तीनशे वर्षं जुनी, आणि तिच्यात भांडायचं म्हटलं तरी ते आशीर्वाद दिल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे माझी नेहमी पंचाईत होते.

या मोसमात मात्र माझं डोकं फिरलं, ते रत्नप्रभाबाईंमुळे.

रत्नप्रभाबाईंचा धंदा तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, एका खोलीचा. काश्मीरमधल्या पांपोरच्या एका शेतकऱ्याकडून त्या थेट केशर मागवतात. त्यांचे दोन माल दत्ताजीरावांनी फोटोवरूनच परत पाठवले होते. तिसरा परत गेला की व्यापाऱ्याचं नाव यादीतून कायमचं जातं, असा कंपनीचा नियम आहे. बाईंचं मोठं गिऱ्हाईक आम्हीच. म्हणजे हा माल गेला की खोलीला कुलूपच.

तिसरा फोटो आला त्या दिवशी बाई स्वतःच डबी घेऊन हजर झाल्या. दत्ताजीरावांनी मोबाइल भिंतीला लावला, डोळा मिटला आणि म्हणाले, "अय्यो, शेपटी पिवळी आहे वो."

"शेपटी पिवळीच असते," मी दारातूनच म्हणाले. "काडीचं वरचं टोक लाल, खालचा देठ फिकट. देठासकट माल थोडा हलक्या प्रतीचा धरतात, पण खोटा नव्हे. उलट देठ पिवळा राहिलाय म्हणजे कुणी वरून रंग ओतला नसेल, अशी आशा तरी धरता येते."

"आशेवर डबी विकू का? आणि रंग बघा. मातकट."

"ट्यूबलाइटखाली काढलाय तो फोटो! माझ्याच मोबाइलवर वेगळा दिसतोय. फोटोतल्या रंगावर जायचं तर माझा पासपोर्ट बघा, त्यात मी कावीळ झाल्यासारखी दिसते."

दत्ताजीराव हसले नाहीत. त्यांनी खणातून राघोत्तम शेठची डबी काढली. राघोत्तम शेठ आमचे मोठे व्यापारी, दर वेळी पहिल्या फोटोत पास. "हे बघा. भिंतीवरचं उतरून डबीत बसलंय. माझ्या सुनेला, कामाक्षीला मी हेच देतो. सातवा महिना आहे. रोज दुधात हे कुंकुमप्पू."

"बाळ गोरं व्हावं म्हणून?"

"मग?"

"बाळाचा रंग आईबापाकडून येतो, दत्ताजीराव."

"माझा मुलगा बघितलाय मी," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर केशर द्यायचं."

मी राघोत्तम शेठची डबी उचलली आणि भिंगाखाली धरली. मनात मांडे खात होते. आता मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस निघणार, नाही तर करडईच्या पाकळ्या, आणि मी ते सगळ्यांसमोर दाखवणार. कसलं काय! काड्या खऱ्या केशराच्याच. टोकाला कर्णा होता, कर्ण्याच्या काठाला बारीक दाते होते, खाली निमुळतं होत गेलेलं अंग. मला चक्क वाईट वाटलं. खरा माल बघून वाईट वाटणारी तपासनीस मी एकटीच असेन.

मग एका काडीवर नजर अडकली. तिचा देठ कापायचा राहून गेला होता, आणि तो देठही लाल होता. दुसरी सापडली, तीही तशीच, टोकापासून बुडापर्यंत एकच लाल.

"हे काही बरोबर नाही," मी म्हणाले.

"अहो, शेपटी पिवळी तर तुम्ही म्हणता आशा आहे. मला पिवळी चालत नाही. ही लाल आहे तर तुम्हाला चालत नाही. करायचं काय माणसानं?"

"चाचणी करायची. लाल देठ म्हणजे नुसता संशय. माल दमट झाला तरी टोकाचा रंग देठावर उतरू शकतो. डोळ्यांनी एवढंच कळतं."

भिंग हातातच होतं, म्हणून रागारागानं भिंतीवरच्या फोटोवरही फिरवलं. पहिल्या काडीच्या काठावर डावीकडे एक छोटी खाच होती. दुसरीवरही होती. तिसरी उलटी ठेवलेली, तर खाच उजवीकडे. मी खुर्चीवर चढले आणि वरच्या ओळीपर्यंत गेले. सगळीकडे तीच खाच.

डबीचं डिझाइन करणारा प्राणेश वरच्याच मजल्यावर बसतो. त्याला बोलावलं. आला आणि मला खुर्चीवर उभी बघून घाबरला.

"प्राणेश, या फोटोत काड्या किती?"

"एक, मॅडम."

"किती?"

"फोटोला एकच घेतली. बाकी कॉपी करून फिरवल्या. बाकीच्या वाकड्यातिकड्या होत्या, सार म्हणाले नीट दिसत नाहीत." त्यानं दत्ताजीरावांकडे बघितलं. "आणि शेपटी तुम्हीच काढायला सांगितली, सार. दोरा चिकटल्यासारखी दिसते म्हणालात. मग लाल थोडा वाढवला. थोडा म्हणजे, बराच."

आख्ख्या काश्मीरनं जुळवून घ्यायचं होतं ते चेन्नईच्या एका कॉम्प्युटरवर तयार झालेल्या एका काडीशी. आणि राघोत्तम शेठचा माल तिच्याशी तंतोतंत जुळत होता! मला हसू आवरेना. दत्ताजीरावांचा चेहरा बघून ते आवरलं.

"करा चाचणी," ते म्हणाले. "दोन्हींची करा."

तेव्हा रत्नप्रभाबाई पहिल्यांदा बोलल्या. "माझंही?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी काय शेतात पिकवते वो? मीही विकतच घेते. माणूस चांगला आहे, एवढंच ठाऊक."

मला त्यांची भीती कळली. आतापर्यंत त्यांचा माल फक्त कुरूप ठरत होता. आता तो खोटा ठरू शकत होता. आणि तसं निघालं असतं तर मलाच ते लिहून द्यावं लागलं असतं.

दोन्ही डब्यांतलं चिमूट चिमूट केशर वेगवेगळ्या कोमट पाण्यात घातलं. बाईंच्या केशराचं पाणी सावकाश पिवळं होत गेलं आणि काड्या लालच राहिल्या. राघोत्तम शेठच्या काड्यांमधून लालसर धार लगेच सुटली. दत्ताजीराव म्हणाले, "जोरदार माल आहे, म्हणून." एवढ्यावर मीही निकाल दिला नसता.

मग मी लोकर काढली. या चाचणीला न रंगवलेली पांढरी लोकर लागते. चेन्नईत मी ती मागवली तेव्हा हिशेब खात्यानं विचारलं होतं, स्वेटर कुणासाठी? दोन्ही पाण्यांत थोडं आम्ल घातलं, लोकर बुडवली, गरम केली, नळाखाली धुतली. बाईंची लोकर किंचित पिवळसर राहिली, राघोत्तम शेठची नारिंगी. त्या लोकरींवरचा रंग अमोनियाच्या पाण्यात उतरवला, पुन्हा आम्ल घातलं आणि नवी लोकर टाकली. फुलाचा रंग दुसऱ्यांदा असा धरत नाही, कारखान्यातला धरतो. बाईंची नवी लोकर पांढरीच निघाली. राघोत्तम शेठची पुन्हा नारिंगी झाली.

तो नारिंगी रंग कागदावर ठिपका करून चढवला, शेजारी माहितीतल्या रंगांचे ठिपके ठेवले. ओल कागदावर चढत गेली तसा एकाचे दोन ठिपके झाले. पिवळा जाऊन थांबला टारट्राझिनच्या बरोबरीला आणि लाल थांबला कार्मोइझिनच्या. हे कारखान्यातले खाद्यरंग काही मिठायांत, सरबतांत ठरलेल्या प्रमाणात चालतात. केशरात कुठलाच वरचा रंग कायद्यानं चालत नाही. काड्या खऱ्या होत्या, पण जुन्या किंवा निस्तेज असाव्यात, म्हणून त्यांना भिंतीवरच्या फोटोसारखं रंगवलेलं होतं. असला रंग कुठल्याही भिंगात दिसला नसता.

"म्हणजे कामाक्षी रोज..." दत्ताजीराव म्हणाले. त्यांनी तिथंच उभ्यानं घरी फोन लावला. "कामाक्षी, ते दूध ठेव. ओतून टाक म्हणतो मी! नाही, काही झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र विचारून घेऊ. नाही गं, माझंच चुकलं." इतकी वर्षं त्यांच्याशी भांडलेल्या मला त्यांची मनापासून कीव आली.

राघोत्तम शेठचा सगळा माल त्यांनी अडकवून ठेवायला सांगितला. बाईंच्या मालाच्या कागदावर स्वतःच्या हातानं "स्वीकारला" असं लिहिलं आणि सही केली. रत्नप्रभाबाई खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "चहा मिळेल का वो?" मी दुधासाखरेचा कडक चहा मागवला, माझ्या खर्चानं. सांगलीकडची माणसं एवढं तरी करतात.

चहा होईपर्यंत दत्ताजीरावांच्या अंगात पुन्हा धुगधुगी आली होती. बाईंच्या पिशवीत आणखी एक छोटी डबी दिसत होती. ते पुढं झाले.

"बाई, ही मला द्या. कामाक्षीसाठी. काय असेल ते पैसे देतो. तुमच्या मालावर आता माझा डोळे मिटून विश्वास."

बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ही दुसऱ्या खेपेची आहे वो. शेतकरी तोच, पण ही तपासलेली नाही." त्यांनी डबी काढली आणि दत्ताजीरावांच्या हातात न देता माझ्यासमोर ठेवली. "आधी यांची लोकर पांढरी राहू दे. तोवर सुनेला साधं दूध द्या."