ब्याण्णव ठिपके

सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी लसींच्या फ्रिजची रेघ थांबली.

रेघ म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकावर दिसणारा तापमानाचा आलेख. फ्रिजमधला एक छोटा डबा दर मिनिटाला आतलं तापमान मोजून सर्व्हरला पाठवतो आणि आलेखावर एक ठिपका वाढतो. एकोणतीस दिवस ठिपक्याला ठिपका लागून रेघ सरळ चालली होती. तिसाव्या दिवशी, तपासनीसबाई दुपारी दोनला यायच्या होत्या त्याच दिवशी, ती वाटेतच उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी अकरा वीसला भाचीला फोन लावला. ॲप भाचीने लिहिलं होतं, सर्व्हरही तिनेच भाड्याने घेतला होता.

"अगं, तुझं यंत्र झोपलंय."

भाची ऑफिसात मीटिंगच्या दारात उभी होती. तिने फोनवरूनच सर्व्हरवर नजर टाकली. ॲप चालू ठेवणाऱ्या प्रोसेस मॅनेजरच्या यादीत ॲपच्या नावासमोर हिरव्या अक्षरात 'ऑनलाइन' लिहिलेलं होतं.

"मावशी, चालू आहे. हिरवं दिसतंय."

"गवतही हिरवंच असतं. माझ्याकडे त्यातून साप चावून घेतलेली कुत्री येतात. रेघ कुठाय?"

"तुझं इंटरनेट बघ. मी बाराला बोलते," असं म्हणून भाची आत गेली. मीटिंग पुढच्या मीटिंगची तारीख ठरवण्यासाठी होती.

मावशीचा जीव का टांगणीला लागला होता, ते भाचीला ठाऊक होतं. गेल्या तपासणीत तपासनीसबाईंनी हाताने लिहिलेली तापमानाची वही उघडली आणि तीन दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या शोधून काढल्या. मावशीने फ्रिज रोज बघितला होता, लिहायचं तेवढं राहिलं होतं. पण वहीला ते सांगता येत नव्हतं. बाईंनी शेवटची संधी दिली: तीस दिवसांची सलग नोंद दाखवा, नाहीतर लसी ठेवायचा परवाना रद्द. तो गेला तर चावलेल्या, चावणाऱ्या आणि नुसत्या भुंकणाऱ्या सगळ्यांना लसीसाठी चाळीस किलोमीटर जावं लागणार होतं.

बाराला भाची सुटली आणि लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. यादी अजून हिरवीच होती. या वेळी मात्र तिने शेजारचे दोन रकाने वाचले, जे तिने अकरा वीसलाच वाचायला हवे होते. ॲप किती वेळ चालू आहे: एकतीस सेकंद. किती वेळा पुन्हा सुरू झालं: त्र्याऐंशी. काल हा आकडा तीन होता.

तिच्या लक्षात आलं. ॲप मरत होतं आणि मॅनेजर त्याला लगेच उठवून उभं करत होता, कारण त्याला कामच तेवढं सांगितलेलं होतं. उठलेलं ॲप पुढचं तापमान येईपर्यंत मिनिटभर धडधाकट असायचं. तापमान आलं की पुन्हा आडवं. सुरू होताच लागोपाठ पडणाऱ्या ॲपचा मॅनेजर काही प्रयत्नांनंतर नाद सोडतो आणि तांबड्या अक्षरात तसं सांगतोही. पण हे दर वेळी मिनिटभर तग धरत होतं, म्हणून त्याला संशय येत नव्हता. तुम्ही कधीही बघा, ॲप जिवंतच दिसणार.

तिने पडद्याचा फोटो मावशीला पाठवला. खाली लिहिलं: 'चूक माझी. त्र्याऐंशी वेळा मेलं आणि त्र्याऐंशी वेळा उठलं.' वेळ बारा वाजून एक मिनिट.

मावशीचं उत्तर आलं: 'माझ्या सासूबाईही अशाच होत्या. रेघ कुठाय?'

मरणाचं कारण शोधायला दोन मिनिटं लागली. डिस्क शंभर टक्के भरली होती. सर्व्हर सगळ्यात स्वस्तातला, डिस्क दहा जीबीची. ठिपका साठवायला जागा नाही म्हटल्यावर डेटाबेस नकार द्यायचा, आणि तो नकार झेलायची सोय भाचीने केलेली नव्हती. म्हणून ॲप कोसळायचं.

जागा खाल्ली होती ॲपच्या कामाची टिपणं ठेवणाऱ्या एका लॉगच्या फाइलने. सहा जीबी. दोन महिन्यांपूर्वी एक चूक शोधताना भाचीने कोडमध्ये एक ओळ घातली होती: नवीन तापमान आलं की त्या दिवसाची सगळी तापमानं लॉगमध्ये छापायची. चूक सापडली, ओळ राहिली. तेव्हापासून ॲप दर मिनिटाला दिवसाचं पुराण पहिल्या अध्यायापासून वाचत होतं.

पण लॉग फुगू नयेत म्हणून तर तिने बंदोबस्त केला होता. फाइल दहा एमबीची झाली की बाजूला ठेवायची, नवी उघडायची, जुन्या पाचच ठेवून बाकीच्या टाकून द्यायच्या. हे छाटणीचं काम करणारं मॉड्यूल तिने स्वतः बसवलं होतं, आणि मावशीला त्याबद्दल ऐकवलंही होतं.

मॉड्यूल होतं. दोन महिने न थकता चालूही होतं. फक्त ते होतं रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, मॅनेजरमध्ये. त्याच चूक शोधायच्या आठवड्यात भाचीला शहाणपण सुचलं होतं, की ॲप रूटच्या अधिकाराने चालवणं बरं नाही, त्यासाठी वेगळा वापरकर्ता हवा. तिने ॲप हलवलं. पण प्रत्येक वापरकर्त्याचा मॅनेजर वेगळा, त्याची यादी वेगळी, त्याचे लॉगही वेगळे. बिऱ्हाड नव्या घरात गेलं आणि राखणदार जुन्या, रिकाम्या घराच्या ओट्यावर काठी आपटत बसून राहिला.

बारा पाचला फोन वाजला. काका होते, मावशीचे यजमान. त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले होते आणि फ्रिजमधला डबाही त्यांनीच जुळवला होता.

"डब्याचा दिवा तांबडा झालाय. बंद करून चालू करतो. निम्मे आजार त्यानेच जातात."

"काका, थांबा. सर्व्हरने पोच दिली नाही तर डबा काय करतो?"

"जपून ठेवतो आणि पुन्हा पाठवतो. एकशेवीस नोंदी मावतात. मग सगळ्यात जुनी टाकतो."

भाचीने मनातल्या मनात बेरीज केली. दहा बेचाळीसपासून एकशेवीस मिनिटं. बारा बेचाळीसपर्यंत एकही ठिपका हरवणार नव्हता.

"आणि बंद केला तर?"

"तर विसरतो. त्याला बॅटरी घालू म्हणालो होतो, तर तुझी मावशी म्हणाली आणखी तारा नकोत."

"काका, तुमचा हात कुठे आहे?"

"प्लगवर."

"काढा."

"प्लग?"

"हात."

पलीकडून मावशीचा आवाज आला, "मी धरलाय त्यांचा हात. तू तुझं काम कर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा धरलाय, फार वेळ लावू नकोस."

भाचीने घाई केली नाही. सर्व्हरच बंद करून चालू करायचा मोह तिलाही झाला. पण ॲप हलवल्यावर मॅनेजरची नवी यादी सेव्ह केल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तपासलं तर खरंच केली नव्हती. सर्व्हर उठला असता, ॲप उठलं नसतं. लॉगची फाइल सरळ पुसून टाकणंही कामाचं नव्हतं. मॅनेजरने ती उघडी धरून ठेवलेली असते, नाव जातं आणि जागा अडकून राहते. तिने मॅनेजरलाच लॉग रिकामे करायला सांगितलं. बारा बारा झाले होते. डिस्क शंभर टक्क्यांवरून चाळीसवर आली.

पुढचं मिनिट तिने आणि काकांनी फोन कानाला लावून काढलं.

"हिरवा झाला," काका म्हणाले.

डब्याने साठवलेलं सगळं एका दमात ओतलं. ब्याण्णव नोंदी, वीस सेकंदांत. आलेखावरची मोकळी जागा भरली आणि रेघ पुढे चालू लागली. साडेचार अंश, जिथे असायला हवी तिथेच.

मग भाचीने राहिलेली कामं उरकली. ती बडबडी ओळ काढली, डेटाबेसचा नकार झेलायची सोय केली, ॲप पुन्हा सुरू केलं. छाटणीचं मॉड्यूल योग्य वापरकर्त्याकडे बसवलं, यादी सेव्ह केली आणि सर्व्हर उठल्यावर कोणत्या वापरकर्त्याचा मॅनेजर उठवायचा तेही बदललं. एक वाजता ती जेवायला गेली.

तपासनीसबाई दोनला पाच कमी असताना आल्या. भाची फोनवर होती, फोन टेबलावर, स्पीकर चालू. बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि आलेख बघायच्या आधी मूळ नोंदींची यादी मागितली. तिच्यात प्रत्येक ठिपक्यापुढे दोन वेळा असतात: डब्याने मोजल्याची आणि सर्व्हरला मिळाल्याची.

त्यांचं बोट यादीवरून खाली गेलं आणि एका जागी थांबलं.

"डॉक्टर, या ब्याण्णव नोंदी बारा वाजून तेरा मिनिटांनी आल्यात. सगळ्या."

"हो," मावशी म्हणाली.

"एकाच बैठकीत."

बाईंनी मागच्या वेळची वही बरोबर आणली होती, पण ती उघडायची गरज कोणालाच वाटली नाही.

"मोजल्याची वेळ डबा टाकतो," काका म्हणाले. "मी जुळवलाय. सर्व्हर बंद पडला तोवर नोंदी त्यानेच जपल्या."

"तेच म्हणते. यंत्र तुमचं, घड्याळ तुमचं, प्रोग्राम भाचीचा. दुपारपर्यंत सर्व्हर बंद होता याला पुरावा काय? त्याचे लॉग असतील ना?"

भाची फोनवरून म्हणाली, "मॅडम, लॉग मी बारा बाराला रिकामे केले. नाहीतर नोंदी गेल्या असत्या. आणि डिस्क भरल्यावर त्यांत काही लिहिलंही जात नव्हतं."

"म्हणजे नाहीत."

"नाहीत. पुन्हा सुरू झाल्याचा आकडा आहे. पंचाण्णव. तीन जुने, एक्क्याण्णव आजचे, शेवटचा मी हाताने केलेला."

"तो केव्हाकेव्हा वाढला ते त्यात दिसतं?"

"नाही."

मावशीने आपला फोन पुढे केला. बारा वाजून एका मिनिटाने आलेला फोटो, त्र्याऐंशीचा आकडा, खाली भाचीची ओळ. बाईंनी चष्मा लावून तो वाचला. सासूबाईंबद्दलचं उत्तरही वाचलं. त्यांनी कागदावर एक छोटा हिशेब मांडला: दहा बेचाळीस ते बारा एक, मिनिटाला एक, अधिक तीन. बेरीज त्र्याऐंशी आली. त्यांनी ती पुन्हा करून पाहिली.

"हा फोटो मला पाठवा," त्या म्हणाल्या. "नोंद सलग आहे की नाही ते मी ठरवत नाही. वरच्यांना लिहीन, जसं आहे तसं."

"आणि तोवर?" मावशीने विचारलं.

"तोवर फ्रिज चालू ठेवा."

तीन चाळीसला त्या गेल्या. परवान्यावर शिक्का मारला नाही, रद्दही केला नाही. काकांनी बॅटरीचा विषय पुन्हा काढला आणि या वेळी मावशीने किती तारा लागतील ते विचारलं. सायंकाळी सहाला भाचीने यादी पाहिली, आधी शेजारचे रकाने, मग हिरवं अक्षर. ॲप पाच तास अकरा मिनिटं सलग चालू होतं. पुन्हा सुरू झाल्याचा आकडा पंचाण्णव. लॉगची फाइल चाळीस केबी. फ्रिज साडेचार अंश. बाईंच्या कार्यालयातून काही कळलेलं नव्हतं.